षट्कोनाच्या पोटांतला लंब



भूमितीविषयीं रेडिओवरून बोलावयाचें म्हणजे एक अडचण पहिल्याच वाक्याला आडवी येते. माझ्याजवळ फळा नाहीं. आणि असता तरी तो आपणांला दिसला नसता. तेव्हां आकृति काढण्याचें काम मला आपणांवरच सोंपवावें लागणार. एक कोरा कागद, पेन्सिल, पट्टी आणि मुलांच्या दप्तरांतला कंपास एवढें साहित्य जवळ घेऊन बसावें, अशी विनंती आहे.

कंपास सोईस्कर अंतरावर उघडून एक वर्तुळ काढा. आतां कंपासाचें तोंड तेवढेंच ठेवून परिघावरून पावलें टाकीत चला. परिघावरच्या एका बिंदूवर सुई रोवून पुढें खूण करावयाची, त्या खुणेवर सुई नेऊन आणखी पुढची खूण करावयाची. सहावें पाऊल पडतें तें आपण जेथून निघालों तेथेंच. तसूभर मागें नाहीं, तसूभर पुढें नाहीं. हात कांपला असेल तर थोडा फरक दिसेल, पण तो हाताचा, भूमितीचा नव्हे. ह्या सहा खुणा पट्टीनें क्रमानें जोडल्या कीं नियमित षट्कोन तयार होतो, म्हणजे ज्याच्या सहाही भुजा सारख्या आणि सहाही कोन सारखे आहेत असा षट्कोन.

पावलें सहाच कां पडावीं, हें मध्यबिंदूपासून सहा कोपऱ्यांपर्यंत रेषा ओढल्या कीं कळतें. षट्कोनाचे सहा त्रिकोण झालेले दिसतील. प्रत्येक त्रिकोणाच्या दोन बाजू म्हणजे वर्तुळाच्या त्रिज्या. आणि तिसरी बाजू म्हणजे आपलें पाऊल. तें पाऊल आपण त्रिज्येइतकेंच धरलें होतें. म्हणजे तिन्ही बाजू सारख्या, आणि म्हणून तिन्ही कोन साठ साठ अंशांचे. मध्यबिंदूभोंवतीं एकंदर तीनशें साठ अंश असतात. त्यांत साठ अंशांचे कोन सहाच मावतात, आणि मावल्यावर फट राहत नाहीं.

भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें, म्हणजे शके १०७२ मध्यें, रचलेल्या ‘लीलावतीं’त १,२०,००० व्यासाच्या वर्तुळांत बसणाऱ्या त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या आकृतींच्या भुजा दिल्या आहेत. तेथें षट्कोनाची भुजा ६०,००० आहे. व्यासाच्या निम्मी, म्हणजे नेमकी त्रिज्येइतकी. त्या सात आकृतींत त्रिज्येशीं असें सरळ नातें एकट्या षट्कोनाचेंच आहे.

आतां क्षेत्रफळाकडे वळूं. षट्कोनाचे सहा सारखे त्रिकोण झाले. तेव्हां एकाचें क्षेत्रफळ काढून सहापट केलें कीं काम संपलें, असें वाटतें. त्रिकोणाचें क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिलें उंची, आणि त्याचें निम्में, हें आपण सर्वजण शाळेंत घोकलेलों आहोंत. पाया हाताशीं आहे; ती षट्कोनाची भुजा. पण उंची कोठें आहे? आपण काढलेल्या आकृतींत ती कोठेंच दिसत नाहीं. ती आपणांला मुद्दाम काढावी लागते. मध्यबिंदूपासून एखाद्या भुजेवर सरळ लंब टाका. तो त्या भुजेच्या बरोबर मध्यावर उतरेल. ह्या रेषेला पाश्चात्त्य भूमितींत ‘अपॉथेम’ असें नांव आहे. मी तिला आज मध्यलंब म्हणणार आहें. मध्यापासून निघालेला लंब, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणजे षट्कोनाच्या मध्यापासून दोन निरनिराळीं अंतरें निघतात. एक कोपऱ्यापर्यंतचें, तें भुजेइतकेंच असतें. दुसरें भुजेपर्यंतचें, तो मध्यलंब. आणि हा पहिल्याहून नेहमीं आंखूड असतो. षट्कोनाच्या बाहेरून कोपऱ्यांना शिवून जाणारें वर्तुळ पहिल्या अंतरानें काढतां येतें, आणि आंतून सहाही भुजांना शिवणारें वर्तुळ दुसऱ्या अंतरानें. षट्कोनाच्या बाबतींत बहुतेक घोटाळे होतात ते ह्या दोन अंतरांची अदलाबदल झाल्यामुळें.

ह्या हिशोबाचें एक फार जुनें उदाहरण आपणांपुढें ठेवतों. इ. स. च्या पहिल्या शतकांत कोलुमेल्ला नांवाचा एक ग्रंथकार होऊन गेला. तो मूळचा स्पेनमधल्या गादेस शहराचा. शेतकीवर त्यानें लॅटिन भाषेंत बारा पुस्तकांचा ग्रंथ लिहिला. त्यांतल्या पांचव्या पुस्तकांत, निरनिराळ्या आकारांचीं शेतें कशीं मोजावीं, हें त्यानें सांगितलें आहे. हें काम शेतकऱ्याचें नसून मोजणीदाराचें आहे, अशी थोडी कुरकुर आधीं करून मगच तो त्याला हात घालतो. तेथें एक षट्कोनी शेत आहे; प्रत्येक भुजा ३० फूट. (आपल्या मानानें हें शेत सुमारें दोन गुंठ्यांचें. असला वाफा रोममध्यें कोणी खरोखर नांगरीत होतें असें नाहीं. उदाहरण शिकविण्यापुरतेंच आहे.)

त्याची रीत अशी: ३० ला ३० नीं गुणा, ९०० झाले. त्याचा तिसरा हिस्सा ३००. दहावा हिस्सा ९०. दोन्ही मिळून ३९०. भुजा सहा आहेत, म्हणून ह्याची सहापट करा. २,३४० चौरस फूट झाले. संपलें. मध्यलंबाचें नांवही त्यानें घेतलेलें नाहीं.

वाचणाऱ्याला प्रश्न पडतो कीं, हा तिसरा आणि दहावा हिस्सा आला कोठून? एका समभुज त्रिकोणाचें क्षेत्रफळ तो ३९० म्हणतो. पाया ३०, त्याचें निम्में १५. पंधराला कितीनें गुणलें असतां ३९० होतात? सव्विसानें. म्हणजे मध्यलंब २६ फूट धरलेला आहे; तो त्या तिसऱ्या-दहाव्या हिश्श्यांच्या आड लपून बसला आहे इतकेंच.

आणि हे २६ बरोबर आहेत काय? मध्यलंबानें भुजेचे दोन सारखे भाग केले, पंधरा पंधरा फुटांचे. त्यामुळें एक काटकोन त्रिकोण तयार झाला. त्याचा कर्ण ३०, एक बाजू १५, आणि दुसरी बाजू हा मध्यलंब. कर्णाचा वर्ग ९००. त्यांतून १५ चा वर्ग २२५ वजा केला, तर ६७५ राहतात. मध्यलंब म्हणजे ६७५ चें वर्गमूळ. आतां २६ चा वर्ग आहे ६७६. फरक काय तो एकाचा! ६७५ चें वर्गमूळ कोणत्याही पूर्णांकांत किंवा अपूर्णांकांत नेमकें मांडतां येत नाहीं. दशांशांत तें २५.९८ च्या किंचित् पुढें जातें. म्हणजे २६ फूट मापांत चूक आहे ती सुमारें पाव इंचाची. ३० फुटांच्या शेताला दोरीनें मोजणाऱ्या माणसाच्या हातून ह्याहून मोठी चूक दोरीच्या ताणामुळेंच होत असेल. क्षेत्रफळांत पाहिलें, तर खरा आंकडा २,३३८.२७ आहे, कोलुमेल्लाच्या उत्तरांत पावणेदोन चौरस फूट जास्त आले आहेत. तिसऱ्या आणि दहाव्या हिश्श्याचा हाच नियम अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या ग्रंथांतही सांपडतो. त्या काळच्या मोजणीदारांना ही जोडी सोईची वाटत असली पाहिजे, आणि मला ती आजही सोईची वाटते: भुजेचे पंधरा भाग करा, त्यांतले तेरा म्हणजे मध्यलंब.

ह्याहून सूक्ष्म आंकडा हवा असेल तर पुन्हां ‘लीलावती’ उघडावी. आपल्या कागदावरच्या षट्कोनांतले एकाआड एक कोपरे जोडा. त्याच वर्तुळांत एक मोठा समभुज त्रिकोण दिसेल. त्याची प्रत्येक बाजू, मधें सुटलेल्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या त्रिज्येला काटकोनांत छेदते. म्हणून तिचा अर्धा भाग म्हणजे आपल्या सहा लहान त्रिकोणांपैकीं एकाची उंचीच आहे. समभुज त्रिकोणाच्या तिन्ही उंची सारख्या, तेव्हां हा अर्धा भाग मध्यलंबाइतकाच ठरतो. भास्कराचार्यांनीं त्या मोठ्या त्रिकोणाची भुजा १,०३,९२३ दिली आहे. तिचें निम्में ५१,९६१ आणि अर्धा. हें ६०,००० च्या षट्कोनाचें माप झालें. आपला षट्कोन ३० चा आहे, म्हणून दोन हजारांनीं भागा. २५.९८ येतात, आणि पुढचेही एक-दोन अंक बरोबर येतात. षट्कोनाचा मध्यलंब म्हणून तो आंकडा तेथें दिलेला नाहीं, पण घेणाऱ्याला तो मिळतो.

येथवर मध्यलंब ही एका त्रिकोणाची उंची होती. तो सगळ्या षट्कोनाचा कसा होतो, हें पाहण्यासाठीं आतां कात्री घ्या. षट्कोनाचे सहा त्रिकोण कापून वेगळे करा आणि टेबलावर एका ओळींत मांडा. एक टोक वर करून, दुसरा टोक खालीं करून, पुन्हां वर, पुन्हां खालीं. ते एकमेकांच्या खांचींत घट्ट बसतील आणि एक तिरकस पट्टी तयार होईल. तिच्या खालच्या कडेला तीन भुजा येतात, वरच्या कडेला तीन. एका टोंकाचा त्रिकोण मध्यावर उभा कापून त्याचा अर्धा तुकडा दुसऱ्या टोंकाला नेऊन लावला, कीं तिरकसपणा जातो आणि सरळ आयत उरतो. ह्या आयताची लांबी तीन भुजा, म्हणजे परिमितीच्या निम्मी. कोलुमेल्लाच्या शेतांत ९० फूट. आणि रुंदी? तो मध्यलंब, २६ फूट. ९० गुणिलें २६ बरोबर २,३४०. अर्धी परिमिति गुणिलें मध्यलंब, हें जें सूत्र पुस्तकांत एका ओळींत छापलेलें असतें, तें म्हणजे हा आयत.

मध्यलंबाच्या जागीं चुकून कोपऱ्यापर्यंतचें अंतर घेतलें तर काय होतें, हेंही ह्या आयतावरून उघड होतें. रुंदी २६ च्या ऐवजीं ३० धरली जाते आणि क्षेत्रफळ २,७०० भरतें. ३६० चौरस फूट हवेंतून उत्पन्न झाले! परीक्षेंत ही चूक फार आढळते, आणि तिचें कारण षट्कोनाचा तो गोड गुणच आहे. भुजा आणि त्रिज्या सारख्या आहेत हें एकदां मनावर ठसलें, कीं मुलगा मधलें प्रत्येक अंतर तेवढेंच धरून चालतो. पंचकोनांत किंवा अष्टकोनांत असा मोह होत नाहीं. तेथें मध्यापासून कापल्यावर त्रिकोण समद्विभुजच होतात, समभुज होत नाहींत; पण अर्धी परिमिति गुणिलें मध्यलंब हें सूत्र मात्र तेथेंही जसेंच्या तसें चालतें, कारण पाया भुजा आणि उंची मध्यलंब ही गोष्ट बदललेली नसते. सहा समभुज त्रिकोण ही षट्कोनाची खासगी सोय आहे. मध्यलंब सर्वांचा आहे.

आतां एका गोष्टीबद्दल सावध केलें पाहिजे. कोलुमेल्लानें आपल्या शेताच्या सहाही भुजा ३० फूट असल्याचें सांगितलें आणि तेवढ्यावर गणित केलें. एखाद्या खऱ्या जागेची मोजणी करतांना तेवढें पुरत नाहीं. बिजागऱ्या लावलेल्या सहा सारख्या काठ्यांची चौकट डोळ्यांपुढें आणा. ती वरून दाबली तर बसकी होते. काठ्यांची लांबी मात्र तीच राहते. समजा, ३० फुटी भुजांचें असें एक बसकें शेत आहे. वरची आणि खालची भुजा एकमेकींना समांतर, आणि त्यांच्यामधलें अंतर ३६ फूट. नियमित षट्कोनांत हें अंतर मध्यलंबाच्या दुप्पट, म्हणजे ५२ असावयास हवें होतें. उंची घटली तशी रुंदी वाढली. डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत आतां ६० नव्हे, ७८ फूट आहेत. मधून आडवी रेष ओढली कीं ह्याचे दोन समलंब चौकोन होतात. प्रत्येकाच्या समांतर बाजू ३० आणि ७८, उंची १८. एकाचें क्षेत्रफळ ९७२, दोहोंचें १,९४४. आणि तिसरा-दहावा हिस्सा लावणारा मोजणीदार २,३४० च सांगणार! जवळ जवळ सहावा हिस्सा जमीन कागदावरच राहिली. विकत घेणाऱ्याच्या दृष्टीनें ही पाव इंचाची गोष्ट नव्हे.

खरा नियमित षट्कोन ओळखण्याचा उपाय सोपा आहे, आणि तो आपल्या सहा त्रिकोणांतूनच निघतो. सहाही भुजा मोजून सारख्या आहेत अशी खात्री करून घ्यावी. मग समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमध्यें दोरी ताणून तिच्या मध्यावर खुंटी मारावी. आणि त्या खुंटीला भुजेइतकी, येथें ३० फुटांची, दोरी बांधून ती प्रत्येक कोपऱ्याकडे न्यावी. सहाही ठिकाणीं ती बरोबर पोंचली तर सहाही त्रिकोण समभुज आहेत, आणि रीत बिनधोक लावावी. एका ठिकाणीं जरी कमी-जास्त झाली, तर शेताचे त्रिकोण पाडून प्रत्येकाचा लंब निराळा मोजण्यावांचून गत्यंतर नाहीं. आपल्या बसक्या शेतांत डाव्या-उजव्या कोपऱ्यांमधल्या दोरीच्या मध्यावर खुंटी मारली, तर त्या दोन कोपऱ्यांचें अंतर ३९ भरतें आणि बाकीच्या चारांचें सुमारें साडेतेवीस. लबाडी लपत नाहीं.

शेवटीं शेतांतून घरांत येऊं. षट्कोनी फरश्या आपणांपैकीं अनेकांच्या पायांखालीं असतील. समजा, दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशा खोलींत त्या बसवावयाच्या आहेत. आठ इंची फरशी आहे, असें दुकानदार सांगतो. आठ इंच कोठून कोठपर्यंत? चौकोनी फरशीला हा प्रश्न पडत नाहीं. तिची बाजूच सांगितलेली असते. षट्कोनी फरशीचें माप समोरासमोरच्या कडांमधलें असूं शकतें, किंवा समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलेंही असूं शकतें. पहिलें म्हणजे मध्यलंबाची दुप्पट. दुसरें म्हणजे भुजेची दुप्पट.

कडांमधलें अंतर आठ असेल तर मध्यलंब चार इंच. तेराचे पंधरा केले कीं भुजा मिळते. चारांचे तेरा भाग करून तसले पंधरा घेतले, म्हणजे ४.६२ इंच. परिमितीचें निम्में तीन भुजा, म्हणजे सुमारें १३.८५, त्याला मध्यलंब चारानें गुणून एका फरशीचें क्षेत्रफळ ५५.४ चौरस इंच आलें. कोपऱ्यांमधलें अंतर आठ असेल तर भुजा चार इंच, मध्यलंब ३.४६, तीन भुजा १२, आणि गुणाकार ४१.६ च्या आसपास. नांव एकच, आठ इंची. पण पहिली फरशी दुसरीच्या सव्वापटीहून मोठी, नेमकें सांगावयाचें तर तीनास चार ह्या प्रमाणांत मोठी आहे. माप लहान असो कीं मोठें, हें प्रमाण तेंच राहतें.

खोलीचें क्षेत्रफळ १२० चौरस फूट, म्हणजे १७,२८० चौरस इंच. पहिल्या प्रकारच्या फरश्या ३१२ लागतील, दुसऱ्या प्रकारच्या ४१६. शंभराहून जास्त फरश्यांचा हा फरक आहे. कडांचें माप समजून ३१२ मागविल्या आणि आल्या त्या कोपऱ्यांच्या मापाच्या, तर खोलीचा चौथा हिस्सा उघडा राहील. आणि उलट झालें तर शंभरावर फरश्या गच्चीवर रचून ठेवाव्या लागतील. तेव्हां एक फरशी हातांत घ्यावी आणि पट्टी आधीं कडेपासून कडेपर्यंत, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लावून पाहावी. दोन्ही मापें एकमेकांशीं तेरास पंधरा ह्या प्रमाणांत जमलीं म्हणजे फरशी नियमित षट्कोनाची आहे असें समजण्यास हरकत नाहीं, आणि मग आठ इंच कोणते हेंही आपोआप कळतें. वरच्या आंकड्यांत भिंतीलगत कापाव्या लागणाऱ्या तुकड्यांची आणि सांध्यांतल्या सिमेंटची गणना केलेली नाहीं. त्याबद्दल किती फरश्या वाढवावयाच्या, हें मात्र गवंड्यालाच विचारावें.